अबोल, बुजरे आणि धास्तावलेले

1965 साली बी. एन. लोकूर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एखादा समाज अनुसूचित जमात ठरवताना काय पाहावे, याचे पाच निकष सांगितले. आदिमपणाच्या खुणा, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा आणि मागासलेपण हे त्यांतले चार. उरलेला निकष मात्र स्वभावाचा आहे: इतर समाजाशी संपर्क ठेवण्यातला बुजरेपणा. हे निकष आजही सरकारी कामकाजात वापरले जातात. एखाद्या अख्ख्या समाजाला लाजाळू ठरवायचे तर आधी लाजाळूपणा म्हणजे काय आणि तो ओळखायचा कसा, हे ठरलेले असायला हवे. तसे ते त्या काळी मानसशास्त्रातही नीट ठरलेले नव्हते. एक माणूस बोलत नाही, एवढेच बाहेरून दिसते. त्याला बोलायची गरज वाटत नाही, बोलावेसे वाटते पण जीभ रेटत नाही, बोलण्याच्या कल्पनेनेच त्याला धडकी भरते, की बोलून काही उपयोग नाही हे तो अनुभवाने शिकला आहे, यांतले काहीच त्या दिसण्यावरून कळत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यापुरते बोलायचे तर या निकषाच्या आधीचा इतिहास पाहायला हवा. निजामाच्या राजवटीत इथली जंगले राखीव झाली, गोंडांची आणि कोलामांची कसती जमीन सावकारांच्या आणि बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या हाती गेली. 1940 साली गोंडांचा नेता कुमरम भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला चौकशीसाठी पाठवले. मारलावाईत मुक्काम ठोकून त्याने जमीन कशी गेली आणि ती कुणी घेतली, हे लिहून ठेवले. अशा प्रदेशात खाकी कपड्यातला माणूस पांदीवरून येताना दिसला आणि लोक घरात शिरले, तर त्याला स्वभाव म्हणता येईल का? तोच समाज केसलापूरच्या नागोबा जत्रेतल्या दरबारात, हायमेनडॉर्फच्याच काळात सुरू झालेल्या त्या सभेत, हजारोंसमोर उभा राहून अधिकाऱ्यांपुढे जमिनीचे, पाण्याचे, जंगलाचे गाऱ्हाणे मांडत आला आहे. बुजरेपणा हा मनाचा गुणधर्म असता तर तो माणसाबरोबर दरबारातही आला असता. तो जागा पाहून येतो आणि जागा पाहून जातो, तेव्हा त्याचे कारण माणसात कमी आणि त्या जागेत जास्त शोधावे लागते.

हीच चूक घराघरांत एकेका माणसाच्या बाबतीत होते, आणि तिथे ती सुधारणारे कुणी नसते. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणाऱ्या मुलाला कुणी एकलकोंडा म्हणते, कुणी बुजरा, कुणी घुमा, कुणी माणूसघाणा. अलीकडे शिकलेल्या घरांत त्याला ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणतात किंवा ‘त्याला सोशल अँक्झायटी आहे’ असे सांगतात. शब्द नवे आले, पण ते जुन्यांसारखेच एकमेकांच्या जागी वापरले जातात. माझे म्हणणे असे, की अंतर्मुखता, लाजाळूपणा आणि सामाजिक चिंता या एकाच गोष्टीच्या कमीजास्त मात्रा नाहीत. पहिली माणसाला काय आवडते याविषयी आहे, दुसरी त्याला लोकांत काय वाटते याविषयी, आणि तिसरी त्या वाटण्यापायी त्याचे आयुष्य किती आखडले याविषयी. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसात वेगवेगळी असू शकतात. हे ध्यानात यायला मानसशास्त्रालाही साठ वर्षे लागली.

सुरुवात कार्ल युंगपासून करावी लागते. 1913 साली म्युनिकच्या परिषदेत आणि मग 1921 साली आलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरच्या ग्रंथात त्याने अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मांडली. त्याच्यापुढचा पेच असा होता, की फ्रॉइड आणि ॲडलर हे दोघे तशाच रुग्णांकडे पाहून इतके निराळे निष्कर्ष का काढतात? त्याचे उत्तर असे, की मनाची ओढ कुणाची बाहेरच्या वस्तूंकडे आणि माणसांकडे असते, तर कुणाची आतल्या विचारांकडे. या मांडणीच्या मुळाशी भीती नव्हती. अंतर्मुख माणूस लोकांना घाबरतो, असा तिचा आशय नव्हता. युंगचा अंतर्मुख माणूस आपल्या मतांवर ठाम, प्रसंगी हट्टीसुद्धा असू शकतो.

गोंधळ झाला तो पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, अमेरिकेत. तिथे पहिल्या महायुद्धापासून प्रश्नावल्यांचे पेव फुटले होते आणि युंगची तात्त्विक कल्पना मोजायची तर तिची लक्षणे यादीत उतरवणे भाग होते. 1924 साली मॅक्स फ्रेड याने अंतर्मुख माणसाच्या 54 लक्षणांची यादी छापली. तिच्यात मोजक्याच माणसांशी ओळख ठेवण्यासारखी लक्षणे होती, पण त्यांच्याच शेजारी वारंवार लाजून लाल होणे आणि चटकन दुखावले जाणे हीही होती. म्हणजे ज्याला एकांत आवडतो तो आणि ज्याला लोकांची धास्ती वाटते तो, हे दोघे एकाच पारड्यात पडले. नंतरच्या अनेक चाचण्यांनी अशा याद्यांतून प्रश्न उचलले. आज घराघरांत जो घोटाळा होतो तो अडाणीपणातून आलेला नाही. शास्त्राने स्वतः केलेली सरमिसळ शास्त्राने सोडून दिल्यावरही लोकांच्या तोंडी टिकून राहिली आहे.

ती सरमिसळ सोडवायला सुरुवात केली ती आकडेमोडीने. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात दाखवले, की अंतर्मुखतेच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र तपासली तर ती एका गठ्ठ्यात बसत नाहीत, त्यांचे वेगवेगळे पुंजके होतात. हान्स आयझेंकने अंतर्मुखता-बहिर्मुखता हा एक अक्ष आणि भावनिक अस्थिरता हा त्याला आडवा जाणारा दुसरा अक्ष मानला. 1956 साली त्याने एक भेद स्पष्ट केला, जो माझ्या मते या साऱ्या इतिहासातला कळीचा आहे. लोकांत न मिसळणारे दोन प्रकारचे असतात, असे तो म्हणाला. एकाला लोकांची फारशी ओढ नसते, पण वेळ आली तर तो व्यवस्थित बोलतो, वागतो. दुसऱ्याला लोकांत जायचे असते, पण तिथे आपले कसे होईल या काळजीने तो मागे राहतो. पहिल्याला एकटे सोडले तर तो सुखी असतो. दुसऱ्याला एकटे सोडले तर तो एकटा पडतो.

आयझेंकचे म्हणणे प्रयोगाने तपासले ते 1981 साली जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस यांनी. त्यांनी दोन स्वतंत्र मोजपट्ट्या केल्या. एकीत फक्त अवघडलेपणा आणि ताण यांचे प्रश्न, दुसरीत फक्त लोकांच्या सहवासाची आवड. दोन्ही एकच गोष्ट मोजत असत्या, तर एकीत वर असलेला माणूस दुसरीत हटकून खाली आला असता आणि सहसंबंध उणे 1 च्या जवळ गेला असता. तो निघाला उणे 0.30. म्हणजे माणूस किती लाजतो हे कळल्याने त्याला सहवास किती हवा आहे याचा जेमतेम दहावा हिस्सा अंदाज येतो. मग त्यांनी अनोळखी विद्यार्थिनींच्या जोड्या गप्पा मारायला बसवून त्यांचे चित्रण केले. सर्वांत जास्त ताण कुणात दिसला? लाजाळू आणि एकांतप्रिय मुलींत नाही. लाजाळू असून ज्यांना सहवासाची मनापासून आवड होती, त्या मुली कमी बोलत होत्या, नजर चुकवत होत्या, हात चेहऱ्याशी आणि केसांशी चाळवत होत्या. लाजाळूपणाचा खरा जाच हवेसे वाटणे आणि न जमणे यांच्या ओढाताणीत असतो, हे त्या चित्रणातून दिसले. ज्याला सहवास हवाच नाही, त्याच्यात ही ओढाताण नसते.

याच सुमारास लाजाळूपणा किती सार्वत्रिक आहे तेही कळले. स्टॅनफर्डला फिलिप झिंबार्डोने 1970च्या दशकात केलेल्या पाहणीत सुमारे 40 टक्के लोकांनी आपण लाजाळू आहोत असे सांगितले. दहांतली चार माणसे ज्या अवस्थेत असतात तिला रोग म्हणणे अवघड आहे. रोगाचा धागा वेगळ्या जागेहून आला, दवाखान्यातून. लंडनला आयझॅक मार्क्स आणि मायकल गेल्डर यांनी 1966 साली वेगवेगळ्या भयांचे रुग्ण वयावरून तपासले. प्राण्यांचे भय अगदी लहानपणी सुरू होते, गर्दीचे किंवा घराबाहेर पडण्याचे भय बहुधा तरुणपणी, तर लोकांपुढे खाण्याचे, बोलण्याचे, थरथरण्याचे भय वयात येण्याच्या सुमारास. सुरुवातीचे वय असे वेगळे निघाल्यावर हे वेगळे दुखणे आहे असे मानायला आधार मिळाला. 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ते ‘सोशल फोबिया’ या नावाने आले. आजच्या व्याख्येनुसार भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी हवी, ती सहा महिने किंवा अधिक टिकलेली हवी आणि तिच्यापायी लक्षणीय त्रास किंवा शिक्षण, काम, नातीगोती यांचे नुकसान होत असायला हवे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे स्वभावाला विकार म्हणण्याचा रस्ता बंद होतो. निदान तो बंद व्हावा, असा तिचा हेतू आहे.

तो बंद झाला नाही, असा आक्षेप इथे घेतला जातो आणि तो हलका नाही. 1999 साली अमेरिकेत पॅरॉक्सेटीन या औषधाला सामाजिक चिंतेसाठी मान्यता मिळाली आणि त्याची जाहिरात इतकी झाली, की साध्या लाजाळू माणसालाही आपण आजारी आहोत असे वाटावे. ख्रिस्तोफर लेन यांनी 2007 साली या विषयावर पुस्तक लिहून, नेहमीच्या वागण्याचा रोग कसा केला गेला, असा सवाल केला. औषध कंपन्यांच्या हिताविषयीचा त्यांचा संशय मला रास्त वाटतो. पण त्यावरून विकारच खोटा ठरत नाही. 2011 साली अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या पाहणीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळपास निम्म्यांनी स्वतःला लाजाळू म्हटले होते. त्यांच्यातल्या फक्त 12 टक्के मुलांना विकाराचे निकष लागू पडले, आणि जी स्वतःला लाजाळू म्हणत नव्हती त्यांच्यातही 5 टक्क्यांना ते लागू पडले. लाजाळूपणाला डॉक्टरांनी नवे नाव दिले एवढेच असते, तर पहिला आकडा इतका लहान नसता आणि दुसरा शून्याजवळ असता. या दोन आकड्यांतून दोन्ही बाजूंची चूक दिसते. बहुसंख्य लाजाळू मुलांना उपचारांची गरज नाही, आणि उपचारांची गरज असलेली काही मुले लाजाळू म्हणून ओळखूही येत नाहीत.

आता हे आदिलाबादच्या वर्गात आणून पाहू. बेला किंवा जैनथ मंडळातले पैनगंगेलगतचे एखादे गाव घ्या. घरात मराठी, शेजारच्या वाडीत कोलामी किंवा गोंडी, कचेरीत तेलुगू, वरच्या वर्गांत तेलुगू किंवा इंग्रजी. नववीच्या वर्गात चार मुली गप्प असतात अशी कल्पना करू. शिक्षक चौघींच्याही प्रगतिपुस्तकात एकच शेरा लिहितील: शांत आहे, वर्गात बोलत नाही. पहिलीला मधल्या सुट्टीत झाडाखाली एकच मैत्रीण पुरते. नाव घेऊन विचारले तर ती उभी राहून उत्तर देते, आवाज कापत नाही, बसल्यावर विसरून जाते. दुसरी नव्या शिक्षकांपुढे पहिले पंधरा दिवस मान वर करत नाही, कबड्डीचा डाव रेषेबाहेर उभी राहून पाहते, कुणी हात धरून ओढले की खेळते आणि महिन्याभरात रुळते. तिला थोडा वेळ आणि एक हात हवा असतो. या दोघींना ‘धीट कर’ म्हणून वक्तृत्वस्पर्धेत ढकलण्याची रीत आपल्याकडे आहे. पहिलीला त्याचा कंटाळा येईल, दुसरीला कदाचित फायदाही होईल, पण तिसरीला त्याच उपायाने इजा होऊ शकते.

तिसरीकडे सावकाश पाहिले पाहिजे, कारण तिचे दुखणे वर्गात दिसतच नाही. मोठ्याने वाचायची पाळी कोणत्या दिवशी येणार हे ती रांगेतली डोकी मोजून काढते आणि त्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखते. पोटदुखी खोटी नसते. घरचे ओवा देतात, शाळा बुडते, दुपारी बरे वाटते आणि सुटकेचा तो दिलासाच पुढच्या वेळची भीती पक्की करतो. शाळेत आलीच तर ती मध्यान्ह भोजनाला सर्वांसमोर घास घेत नाही, हात थरथरला तर लोक पाहतील म्हणून. वाचावे लागलेच तर ती पुस्तक चेहऱ्यासमोर धरते, वाक्य मनात तीनतीनदा घोळवते, घाईघाईने संपवते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 साली या अवस्थेची जी उकल केली, तिच्यात अशा युक्त्यांना मध्यवर्ती जागा आहे. अशा प्रसंगी माणसाचे लक्ष समोरच्यांवर नसते, ते आत वळलेले असते. छातीतली धडधड, कानशिलांची ऊब, घशातली कोरड यांवरून तो स्वतःचे एक चित्र बनवतो आणि सर्वांना तेच दिसत आहे असे धरून चालतो. समोरच्या मुली खरे तर खिडकीबाहेर बघत असतात, पण ते पाहायला तिची नजर मोकळी नसते. प्रसंग सुखरूप पार पडला तरी श्रेय पुस्तक आड धरण्याला जाते, म्हणून अनुभवाने भीती विरत नाही. मग रात्री अंथरुणावर तो प्रसंग पुन्हा पुन्हा उगाळला जातो आणि दर वेळी तो जास्त लाजिरवाणा होत जातो. दुसऱ्या मुलीची लाज सरावाने ओसरते, हिची भीती सरावानेही का टिकते, याचे उत्तर या चक्रात आहे.

चौथी मुलगी कोलाम वाडीतली आहे आणि ती वरच्या तिघींपैकी कुणाचीच बहीण नाही. तिला तेलुगूतला प्रश्न अर्धाच कळतो. नवी भाषा शिकताना मूल बराच काळ ऐकत राहते आणि बोलत नाही, ही सर्व देशांतल्या शिक्षकांच्या परिचयाची गोष्ट आहे. घरी गेल्यावर तिचा आवाज अंगणभर असतो. 1943 साली मारलावाईत गोंड मुलांच्या शाळांसाठी शिक्षक तयार करायला सुरुवात झाली, तेव्हा पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत काढली गेली, कारण आसपासच्या गोंडांना मराठीचा परिचय होता. मुलाने तोंड उघडावे यासाठी मुलाला बदलण्याऐवजी वर्गाची भाषा बदलायची, हा विचार त्यामागे होता. ऐंशी वर्षांनंतरही जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांचे गप्प राहणे या एकाच उपायाची वाट पाहत आहे. त्याला लाजाळूपणा म्हणणे हा त्या मुलांवरचा अन्याय आहे, आणि लोकूर समितीच्या निकषातही तोच अन्याय सरकारी शब्दांत शिरला, असे मला वाटते.

चौघींना वेगळे कसे काढायचे? परिस्थितीतली एकेक गोष्ट बदलून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. भाषा बदलली आणि ती बोलू लागली, तर प्रश्न भाषेचा. माणसे तीच ठेवून काही आठवडे जाऊ दिले आणि ती सैलावली, तर लाज. सर्व बंधने काढून मोकळी निवड दिली आणि तिने आनंदाने एकांत घेतला, तर स्वभाव. आणि हे सारे करूनही ती टाळत राहिली, टाळल्याबद्दल स्वतःलाच दोष देत राहिली, वर्गाबाहेर दुकानात, एसटीत, लग्नघरातही तेच होत राहिले, तर ती आजारी आहे असे धरून मदत मागायला हवी. एवढे मात्र खरे, की एकाच मुलीत यांतले दोन-तीन पदर असू शकतात. कोलाम मुलीलाही सामाजिक चिंता होऊ शकते आणि अंतर्मुख मुलगी लाजाळूही असू शकते. वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात म्हणून त्या एक होत नाहीत.

यावर दुसरा आक्षेप येतो तो संस्कृतीचा. हे सारे भेद पाश्चात्त्यांचे, आपल्याकडे कमी बोलणे हा गुणच मानतात, तेव्हा हे मोजमाप इथे कशाला? या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि त्याला पुरावाही आहे. शिन्यिन चेन यांनी शांघायच्या शाळांत 1990, 1998 आणि 2002 या तीन वर्षी मुलांचा अभ्यास केला. 1990 साली लाजाळू मुले वर्गात आवडती होती, त्यांना नेतेपण मिळत होते, अभ्यासातही ती पुढे होती. 1998 साली चित्र संमिश्र झाले. 2002 साली तशीच लाजाळू मुले वर्गाकडून डावलली जात होती आणि त्यांच्यात नैराश्यही दिसू लागले होते. बारा वर्षांत मुलांचा स्वभाव बदलला नाही. बाजारपेठ आली, स्पर्धा आली आणि पुढे होऊन बोलणाऱ्याला भाव आला. यावरून लाजाळूपणाचे ओझे बरेचसे समाज ठरवतो हे सिद्ध होते. पण म्हणून भेद निरुपयोगी ठरतो का? उलट त्याची गरज वाढते. मुलाखती, गटचर्चा आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग आता आदिलाबादलाही पोहोचले आहेत. कालपर्यंत ज्या मुलाला शहाणा म्हटले जाई, त्याच मुलाला आज ‘पर्सनॅलिटी नाही’ असे ऐकावे लागते. त्याच्यात काय बदलले आणि आपल्यात काय बदलले, हे सांगायला हे भेदच उपयोगी पडतात.

कमी बोलण्याला गुण मानण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मुलींना जास्त भोगावी लागते. गप्प राहणारी मुलगी घरच्यांना वळणाची वाटते. तिने बारावीनंतर शिकायला नकार दिला तर तो समजूतदारपणा ठरतो, कारण ती वसतिगृहाच्या खाणावळीत सर्वांसमोर जेवायच्या भीतीने नाही म्हणते आहे हे कुणी विचारलेले नसते. मुलगा असाच मागे राहिला तर निदान त्याला ओरडा तरी बसतो. मुलीच्या बाबतीत विकार सद्गुणाच्या आडोशाला वर्षानुवर्षे राहू शकतो. संस्कृतीचा मान राखायचा म्हणून हे पाहायचे नाही, असे म्हणणे मला मान्य नाही.

उपचार आहेत आणि ते बऱ्याच जणांना लागू पडतात. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत रुग्णाला नुसते गर्दीत ढकलत नाहीत. पुस्तक चेहऱ्यासमोर न धरता एक परिच्छेद वाचायचा, वाचताना स्वतःच्या धडधडीऐवजी समोरच्या तिघी काय करत होत्या ते पाहून नंतर सांगायचे, अशा लहान प्रयोगांनी सुरुवात होते. कधी त्याचे चित्रण करून दाखवतात, तेव्हा आपल्याला वाटले होते तितके आपण थरथरत नव्हतो हे स्वतःच्या डोळ्यांनी कळते. औषधांचाही उपयोग होतो, पण ती तज्ज्ञाने द्यायची. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे. तिच्यातली अडचण अशी, की अनोळखी माणसाला फोन करणे हीच या आजारातल्या अनेकांची मोठी भीती असते. म्हणून पहिला फोन बहिणीने, मैत्रिणीने किंवा शिक्षकांनी लावावा आणि रुग्णाने फक्त शेजारी बसावे. तेवढेही चालते.

तपासणारा जाणकार असेल तर तो बहुधा लीबोविट्झ यांची 1987 सालची मोजपट्टी वापरेल. तिच्यात 24 प्रसंग आहेत आणि प्रत्येकापुढे दोन वेगळे आकडे भरायचे असतात: किती भीती वाटते आणि किती टाळता. या दोन रकान्यांत आपला सारा विषय आला आहे. अंतर्मुख माणूस समारंभ टाळतो, पण भीतीच्या रकान्यात शून्य लिहितो. बाजारात रोज भाजी विकणारी, पर्याय नसल्याने काहीच टाळू न शकणारी बाई टाळण्याच्या रकान्यात शून्य लिहील आणि भीतीच्या रकान्यात तीन. फक्त वागणे पाहणाऱ्याला पहिला आजारी वाटेल आणि दुसरी ठणठणीत. त्या मोजपट्टीत मेजवानी देणे, दुकानात वस्तू परत करणे असे प्रसंग आहेत, आणि ते पैनगंगेकाठच्या गावात जसेच्या तसे विचारले तर उत्तरे फसवी येतील. तिथे आठवडी बाजारातली घासाघीस, हळदीकुंकू, ग्रामसभेत उठून बोलणे, मंडळ कार्यालयात दाखला मागणे हे प्रसंग विचारायला हवेत. आणि शेवटचा विचारताना आणखी एक पोटप्रश्न जोडायला हवा, की त्या कार्यालयात मागच्या वेळी गेलात तेव्हा तुमच्याशी कोण, कोणत्या भाषेत आणि कसे बोलले होते.